कोअर, आयटी की पुढचं शिक्षण? शेवटच्या वर्षाचा हिशेब

मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाच्या वर्गात ऑगस्ट उजाडला की मुलांचे तीन गट दिसू लागतात. एक गट रात्री उशिरापर्यंत ॲप्टिट्यूड आणि कोडिंगचे प्रश्न सोडवत असतो, कारण मोठ्या आयटी कंपन्यांच्या परीक्षा याच सुमाराला सुरू होतात. दुसरा गट गेटच्या क्लासला जातो. तिसरा गट कोअर कंपनीची वाट पाहत बसतो आणि ती कॅम्पसला येणार की नाही, हे प्लेसमेंट ऑफिसरला रोज विचारतो. घरी मात्र या तिन्ही गटांना एकच प्रश्न येतो: पॅकेज किती?

हा प्रश्न चुकीचा नाही, पण तो फार लवकर विचारला जातो. पहिल्या नोकरीच्या पॅकेजमधला फरक बहुतेकांच्या बाबतीत वर्षाला पन्नास-साठ हजारांचा असतो आणि पहिल्या दोन वर्षांतच तो पुसला जातो. ज्याने पुढची दहा वर्षं ठरतात, ते पॅकेजमध्ये दिसत नाही. एक म्हणजे तिसऱ्या वर्षी आपण नेमकं कोणतं काम करत असू. दुसरं म्हणजे आज हा रस्ता घेतला तर दुसरा कायमचा बंद होतो की नंतरही खुला राहतो.

हे समजून घ्यायला एक उदाहरण घेऊ. समजा, सांगलीच्या एका कॉलेजात मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला असलेली एक मुलगी आहे. सीजीपीए 7.4, एकही बॅकलॉग नाही. तिसऱ्या वर्षाच्या सुट्टीत तिने कुपवाड एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये महिनाभर इंटर्नशिप केली आणि तिला ती आवडली. सप्टेंबरमध्ये तिला एका आयटी सेवा कंपनीची 3 लाख 60 हजारांची ऑफर आली. जानेवारीत चाकणच्या एका वाहन-सुटे भाग कंपनीने जीईटी, म्हणजे ग्रॅज्युएट इंजिनिअर ट्रेनी म्हणून 4 लाख 20 हजार देऊ केले. गेटचा फॉर्म तिने भरलेलाच आहे. वडिलांचं म्हणणं आयटी, मामाचं म्हणणं एम.टेक., आणि मैत्रीण अमेरिकेला एम.एस.ला निघाली आहे.

आधी पैसे, म्हणजे तो विषय संपेल

सीटीसी हा कंपनीला पडणारा खर्च असतो, हातात पडणारा पगार नव्हे. चाकणची ऑफर उलगडून पाहू. 4 लाख 20 हजारांत बेसिक निम्मं धरलं तर महिन्याला 17,500. कंपनीच्या वाट्याचा पीएफ बेसिकच्या 12 टक्के, म्हणजे वर्षाला 25,200. तो सीटीसीतूनच जातो. ग्रॅच्युइटी बेसिकच्या 4.81 टक्के दाखवतात, म्हणजे साधारण 10,100, आणि ती सहसा पाच वर्षं सलग काढल्यावरच हाती येते. मेडिक्लेमचे 6 हजार आणि वर्षअखेरचा व्हेरिएबल पे 30 हजार धरू. हे सगळं वजा केलं की महिन्याचा ग्रॉस 29 हजारांच्या आसपास राहतो. त्यातून तिच्या वाट्याचा पीएफ 2,100, व्यवसाय कर 200 आणि कँटीन-बसचे सात-आठशे कापले की खात्यात 26 हजार येतात. घरी 35 हजार म्हणून सांगितलेला पगार तो हाच.

आयटीच्या 3 लाख 60 हजारांना कँटीन-बसची कपात सोडून हाच हिशेब लावला आणि व्हेरिएबल 18 हजार धरला, तर हातात साडेतेवीस हजारांच्या आसपास येतात. फरक अडीच हजारांचा. पोस्टिंग बंगळुरूला झालं, तर तिथलं पीजीचं भाडं हा फरक कुठल्या कुठे नेतं. चाकणला चार मुलींत खोली घेतली आणि दोन वेळचं जेवण कंपनीच्या कँटीनमध्ये झालं, तर थोडे पैसे गाठीला राहतात. नियुक्ती पुण्यातच हिंजवडीला मिळाली, तर दोन्हींत फारसं अंतर उरत नाही. म्हणून सीटीसीचा तक्ता मागून घ्या, पोस्टिंगचं शहर विचारा, वजाबाकी करा आणि हा विषय तिथेच संपवा.

ऑफर लेटरमधल्या दोन गोष्टी मात्र पगाराहून बारकाईने वाचायच्या. पहिली म्हणजे बाँड. किती महिन्यांचा, किती रकमेचा आणि आधी सोडल्यास रक्कम पूर्ण द्यायची की उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात, हे तिन्ही लेखी असायला हवं. भारतीय करार कायद्याच्या कलम 74 नुसार करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते. त्या मर्यादेत वाजवी असेल तेवढीच भरपाई मिळते. पण कोर्टात जाण्यापेक्षा सही करण्याआधी विचारलेलं बरं. मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेणारी कंपनी असेल, तर तिच्यापासून लांब राहावं. दुसरी गोष्ट जॉइनिंगची तारीख. 2022 च्या बॅचमधल्या अनेक मुलांना ऑफर हातात असूनही मोठ्या आयटी कंपन्यांनी महिनोन्‌महिने रुजू करून घेतलं नव्हतं. ऑफर आणि रुजू होणं यांत अंतर पडू शकतं, हे धरूनच दुसरी तयारी चालू ठेवायची.

‘कोअर’मध्ये नेमकं काय करायचं असतं?

कॉलेजात कोअर म्हटलं की डिझाइन डोळ्यांसमोर येतं. प्रत्यक्षात बहुतेक ट्रेनी प्रॉडक्शन, क्वालिटी, मेंटेनन्स किंवा पीपीसीत, म्हणजे उत्पादनाच्या नियोजनात लागतात. डिझाइनच्या जागा थोड्या असतात आणि त्या अनेकदा कंपनीच्या मुख्य केंद्रात किंवा इंजिनिअरिंग सेवा देणाऱ्या कंपन्यांत असतात. त्यामुळे कोअरची ऑफर आली की पहिला प्रश्न ‘कोणत्या डिपार्टमेंटला?’ हाच.

क्वालिटीतला एक दिवस जवळून पाहिला म्हणजे हे काम कशाचं आहे ते कळतं. पहिली पाळी सकाळी सहा-साडेसहाला सुरू होते. ग्राहक कंपनीतून फोन येतो: काल पाठवलेल्या हाउसिंगमधल्या काही नगांचं बोअर मोठं आहे, बेअरिंग सैल बसतंय. मग ट्रेनी आणि तिचा इंजिनिअर आधी गोडाउनमधला, वाटेतला आणि लाइनवरचा माल थांबवतात. प्रत्येक नग एअर गेजवर तपासून चांगला-वाईट वेगळा करतात. त्यानंतर कारणाचा शोध. मशीनवरच्या नोंदी पाहिल्या की दिसतं, टूल बदलल्यावर ऑफसेट टाकताना चूक झाली आणि दर तासाला मोजायचा नग त्या पाळीत मोजलाच गेला नव्हता. का मोजला गेला नाही? गेज कॅलिब्रेशनला गेलं होतं आणि दुसरं गेज नव्हतं. हे सगळं 8डी नावाच्या ठरलेल्या नमुन्यात लिहून ग्राहकाला द्यायचं आणि पुन्हा असं होणार नाही याची तजवीज दाखवायची.

हे वाचून ज्याला ‘बरं, मग पुढे?’ असं वाटलं, त्याने कोअरचा गंभीरपणे विचार करावा. ज्याला फक्त सहाची पाळी दिसली, त्यानेही स्वतःशी प्रामाणिक राहावं. पाळ्या, उभ्याने काम, ऑपरेटर आणि युनियनशी बोलणं आणि शहराबाहेरची एमआयडीसी हा या कामाचाच भाग आहे. पहिली दोन-तीन वर्षं पगार हळू वाढतो. पण चाकण, रांजणगाव, वाळूज, सातपूर-अंबड अशा पट्ट्यात 8डी, पीपीएपी आणि ऑडिट स्वतः हाताळलेला तीन वर्षांचा क्वालिटी इंजिनिअर सहज ओळखला जातो आणि नोकरी बदलताना त्या अनुभवाची किंमत मिळते.

मुलाखतीत आणखी दोन गोष्टी विचारून घ्याव्यात. ट्रेनी कंपनीच्या पेरोलवर असणार, की अप्रेंटिस म्हणून किंवा कंत्राटदारामार्फत? अप्रेंटिसचा करार ठरल्या मुदतीने संपतो आणि त्यानंतर कायम करण्याचं बंधन कंपनीवर नसतं. दुसरं, मागच्या वर्षीच्या ट्रेनींपैकी किती जण कन्फर्म झाले? या प्रश्नाचं उत्तर द्यायचं टाळलं, तर ते टाळणं हेच उत्तर समजावं. मुलींनी रात्रपाळी आहे का, आणि असल्यास ने-आण कशी होते, हेही मोकळेपणाने विचारावं. आपल्या राज्यात स्त्रियांना रात्रपाळी देता येते, पण त्यासाठी त्यांची संमती आणि सुरक्षित वाहतूक लागते.

आयटीत ‘डेव्हलपर’ व्हायचं कोण ठरवतं?

आयटी सेवा कंपनीत मेकॅनिकलच्या मुलाला घेतात, तेव्हा त्याच्या शाखेला फारशी किंमत नसते. त्याला शिकवता येईल का, एवढंच पाहिलेलं असतं. पहिले तीन-चार महिने प्रशिक्षण आणि त्यातल्या परीक्षा. त्यानंतर प्रोजेक्ट. तो जावा डेव्हलपमेंटचा असेल, टेस्टिंगचा असेल, जुन्या मेनफ्रेमचा असेल किंवा रात्री तिकिटं बंद करण्याच्या सपोर्टचा असेल. हे फ्रेशर ठरवत नाही, त्या आठवड्यात कुठे माणूस हवा आहे त्यावर ठरतं. प्रोजेक्ट नसेल तर बेंचवर थांबावं लागतं.

पगाराची चढणही इथेच ठरते. या कंपन्यांचं फ्रेशरचं पॅकेज दहा-बारा वर्षं तीन-साडेतीन लाखांच्या आसपासच रेंगाळलेलं आहे. त्यामुळे ‘आयटीत पैसा आहे’ हे वाक्य पहिल्या पगाराला लागू पडत नाही. दोन-तीन वर्षांनी नोकरी बदलणाऱ्याला ते लागू पडतं, आणि तेही त्याच्या हातून खरंच कोड लिहून झालं असेल तर. सपोर्टमध्ये तीन वर्षं गेलेला आणि डेव्हलपमेंटमध्ये तीन वर्षं गेलेला, दोघांचं कार्ड एकाच कंपनीचं असतं, पण बाजारात त्यांना वेगळा भाव मिळतो.

त्यामुळे आयटीची ऑफर घेण्याआधी एक साधी कसोटी आहे. गेल्या सहा महिन्यांत कुणी न सांगता, परीक्षा नसताना, आपण कोड लिहिला आहे का? लिहिला असेल, तर प्रशिक्षणात आणि पहिल्या प्रोजेक्टमध्ये आपण पुढे राहू शकतो. नसेल, तर आपण सॉफ्टवेअर निवडलेलं नाही, फक्त ऑफर निवडली आहे. तीही निवडता येते, घरची गरज असेल तर जरूर निवडावी. फक्त स्वतःला तसं सांगून निवडावी.

पुण्यात या दोघांच्या मधली एक मोठी जागा आहे आणि कॉलेजात तिच्याकडे फार कुणी पाहत नाही. केपीआयटी, टाटा टेक्नॉलॉजीज यांसारख्या कंपन्या गाड्यांचं सॉफ्टवेअर, सीएई विश्लेषण, पीएलएम असं काम करतात. तिथे मेकॅनिकलचं ज्ञान आणि कोडिंग दोन्ही लागतं. या जागेत शिरण्याचा एक मार्ग सीडॅकचा सहा महिन्यांचा पदव्युत्तर डिप्लोमा हाही आहे. त्याला सी-कॅट प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि एम्बेडेड सिस्टीम्सचा वेगळा अभ्यासक्रम तिथे आहे.

पुढचं शिक्षण: कधीचं?

आता गेट. ही परीक्षा फेब्रुवारीत होते, निकाल मार्चमध्ये लागतो. तीन तास, 100 गुण. त्यातले 15 जनरल ॲप्टिट्यूडचे आणि साधारण 13 गणिताचे, म्हणजे जवळजवळ तीस गुण मेकॅनिकलच्या विषयांबाहेरचे. पण मुलं जो मुद्दा सोडून देतात तो असा की, गेटचा स्कोअर निकालापासून तीन वर्षं चालतो. शेवटच्या वर्षाला, विषय ताजे असताना गेट द्या, नोकरी धरा, आणि दोन वर्षांनी त्याच स्कोअरवर एम.टेक.ला अर्ज करा. हे नियमात बसतं. गेट आणि नोकरी यांत निवड करावी लागते, हा समज त्यामुळेच खरा नाही.

गेटला पात्र ठरणं आणि चांगल्या संस्थेत प्रवेश मिळणं यांत मात्र खूप अंतर आहे. डिसेंबरमध्ये वेळ लावून पूर्ण मॉक टेस्ट सोडवा आणि येणारे गुण हव्या त्या आयआयटीच्या किंवा एनआयटीच्या, हव्या त्या स्पेशलायझेशनच्या गेल्या वर्षीच्या शेवटच्या प्रवेशाशी ताडून पाहा. आयआयटीच्या ऑफर सीओएपी या पोर्टलवरून आणि एनआयटीचे प्रवेश सीसीएमटीमार्फत होतात. गेटच्या जोरावर प्रवेश घेतलेल्यांना महिन्याला 12,400 रुपये विद्यावेतन मिळतं. वसतिगृहात राहून त्यात भागतं, घरी मात्र काही पाठवता येत नाही. गेट न देता जवळच्याच कॉलेजात ‘तोवर एम.टेक. करतो’ म्हणणाऱ्याला शिकवण्याच्या नोकरीपलीकडे त्याचा फार उपयोग होताना दिसत नाही.

परदेशी एम.एस.चा हिशेब वेगळा आहे, कारण तिथे कर्ज असतं. समजा 40 लाखांचं कर्ज 10.5 टक्क्यांनी काढलं. दोन वर्षांचा कोर्स आणि त्यानंतरची सवलतीची मुदत यांत व्याज साचून ते 50 लाखांच्या जवळ जातं. दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याचा हप्ता साधारण 67 हजार. अमेरिकेत नोकरी लागली तर हा हप्ता जाणवत नाही. पण एफ-1 व्हिसावर शिक्षणानंतर 12 महिने आणि विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीला आणखी 24 महिने काम करता येतं. त्यापुढे एच-1बीची सोडत. भारतात परत यावं लागलं, तर 67 हजारांचा हप्ता कोणत्या पगारातून जाईल, हे कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी घरात बसून बोलायला हवं. जर्मनीत सरकारी विद्यापीठांची फी बरीच कमी आहे, पण एपीएस प्रमाणपत्र आणि राहण्याच्या खर्चाचे पैसे आधी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये भरणं हे दोन्ही लागतं. तिथे कोअरची नोकरी हवी असेल, तर जर्मन भाषाही यायला हवी.

एकदाच मिळणारी गोष्ट कोणती?

आता मूळ मुद्दा. या तिन्हींपैकी कोणती संधी नंतर पुन्हा मिळते?

आयटी कंपन्यांची मोठी भरती पासआउट वर्षावर चालते. जाहिरातीतच बॅच लिहिलेली असते आणि एक वर्ष गेलं की बहुतेक ठिकाणी अर्जच भरता येत नाही. जीईटीचंही तसंच, कारखाना दोन वर्षं सॉफ्टवेअर केलेल्या मुलाला ट्रेनी म्हणून घेत नाही आणि इंजिनिअर म्हणूनही घेत नाही, कारण शॉप फ्लोअरचा अनुभव नाही. कोअरमधून आयटीकडे जाता येतं, पण फ्रेशर म्हणून नव्हे; सीडॅकसारखा कोर्स करून, किंवा कारखान्यातल्याच एसएपी, पीएलएम, एमईएस अशा प्रणालींचा अनुभव घेऊन. आयटीतून कोअरकडे परत येणं सर्वांत अवघड, आणि त्याची सरळ वाट एम.टेक. किंवा एम.एस.मधूनच जाते.

म्हणजे पुढचं शिक्षण दोन, तीन, चार वर्षांनीही करता येतं. फ्रेशर असणं मात्र एका वर्षापुरतंच असतं. म्हणून गेटसाठी नोकरी नाकारून ‘ड्रॉप’ घेणं हा तिन्हींमधला सर्वांत महाग निर्णय ठरू शकतो. पहिल्या प्रयत्नात हव्या त्या प्रवेशाच्या अगदी जवळ पोहोचलेल्याने किंवा संशोधनातच जायचं पक्कं असलेल्याने तो घ्यावा. मॉकमध्ये पस्तीस गुणांवर अडकलेल्याने घेऊ नये.

सांगलीच्या मुलीचं काय?

तिने आधी प्लेसमेंट ऑफिसला जाऊन नियम विचारला. बऱ्याच कॉलेजांत एक ऑफर घेतली की पुढच्या कंपन्यांना बसू देत नाहीत. काही ठिकाणी कोअरसाठी किंवा ठरावीक पटीने मोठ्या पॅकेजसाठी सूट असते. तिच्या कॉलेजात कोअरला सूट होती, म्हणून सप्टेंबरची आयटी ऑफर घेऊनही तिला जानेवारीत बसता आलं. ही सूट नसती तर सप्टेंबरमध्येच निर्णय घ्यावा लागला असता. त्यामुळे हा नियम जुलैतच माहीत असायला हवा.

मग तिने दोन्ही कंपन्यांत तीन-चार वर्षांपूर्वी गेलेले आपल्याच कॉलेजचे सीनियर लिंक्डइनवर शोधले. पॅकेज न विचारता ‘सध्या काम काय करतोस?’ एवढंच विचारलं. आयटी कंपनीतल्या आठ जणांपैकी तिघे डेव्हलपमेंटमध्ये होते, बाकीचे सपोर्ट आणि टेस्टिंगमध्ये. चाकणच्या कंपनीतल्या पाच जणांपैकी दोघे त्याच पट्ट्यात दुसरीकडे सीनियर इंजिनिअर झाले होते, दोघे तिथेच होते आणि एक गेटच्या जुन्या स्कोअरवर एम.टेक.ला गेला होता. इतक्या थोड्या माणसांवरून नियम काढता येत नाही. पण तिच्यासारखाच सीजीपीए आणि तेच कॉलेज असलेली माणसं तीन वर्षांनी कुठे असतात, हे याहून नेमकं सांगणारा दुसरा मार्ग तिच्याकडे नव्हता.

स्वतःहून कोड तिने कधी लिहिला नव्हता. कुपवाडच्या महिन्यात रिजेक्शनचा तक्ता मात्र कुणी न सांगता केला होता. म्हणून तिने चाकण घेतलं. बाँड दीड वर्षाचा, रक्कम उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात, डिपार्टमेंट क्वालिटी. हे तिन्ही ईमेलवर लेखी मागून घेतलं. फेब्रुवारीत गेटही दिली, कारण स्कोअर चांगला आला तर तो बाँड संपल्यावरही वापरता येणार होता. हीच मुलगी हौसेने पायथन लिहीत असती, किंवा घरावर कर्ज असून पोस्टिंग पुण्यात मिळणार असतं, तर याच कागदांवरून उत्तर आयटी आलं असतं, आणि तेही तितकंच बरोबर ठरलं असतं.